थेट परकीय गुंतवणूक आणि पोर्टफोलिओ गुंतवणूक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचक पुन्हा पुन्हा पाठवतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरातला मुद्दा दुसरीकडे लागतो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. सोयीसाठी थेट परकीय गुंतवणुकीला पुढे ‘थेट गुंतवणूक’ म्हटले आहे.

१. दोन्हींत पैसा परदेशातूनच येतो. मग फरक नेमका कशात?

फरक पैशात नाही, कारभारावर किती वचक मिळतो यात आहे. परदेशी कंपनी एखाद्या देशात कारखाना उभारते, किंवा तिथल्या कंपनीतला मोठा हिस्सा घेऊन संचालक नेमते आणि निर्णयांत भाग घेते, तेव्हा ती थेट गुंतवणूक. परदेशी फंड शेअर बाजारातून थोडे शेअर घेतो किंवा सरकारचे रोखे घेतो आणि कंपनी कशी चालते यात पडत नाही, तेव्हा ती पोर्टफोलिओ गुंतवणूक. परदेशी बँकांनी दिलेली कर्जे आणि ठेवी या दोन्हींत मोडत नाहीत. व्यवहारतोल म्हणजे देशाच्या परदेशांशी झालेल्या सगळ्या व्यवहारांचा हिशेब; त्याच्या तक्त्यात त्यांच्यासाठी ‘इतर गुंतवणूक’ असा वेगळा रकाना असतो. हा रकाना विसरला की बरेच गैरसमज होतात (प्रश्न ८ पाहा).

२. वचक आहे की नाही हे ठरवतं कोण? दहा टक्क्यांची रेघ कुठून आली?

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या व्यवहारतोल नियमावलीत ही रेघ आहे. एका गुंतवणूकदाराकडे मतदानाचे दहा टक्के किंवा अधिक हक्क असतील तर तो थेट गुंतवणूकदार, त्याहून कमी असतील तर पोर्टफोलिओ गुंतवणूकदार. पन्नास टक्क्यांच्या वर गेला तर त्याचे पूर्ण नियंत्रण मानले जाते.

दहा या आकड्यामागे खोल सिद्धान्त नाही. वेगवेगळ्या देशांचे आकडे एकमेकांशी जुळावेत म्हणून केलेला तो करार आहे. ९.९ टक्के धरणारा फंड संचालकांना घाम फोडू शकतो आणि १२ टक्के धरणारा कधी सभेला फिरकतही नाही. तरी नोंद आकड्यावरूनच होते. म्हणून ‘थेट’ हे लेबल गुंतवणूकदाराच्या हेतूबद्दल काही सांगत नाही, हे सुरुवातीलाच लक्षात ठेवलेले बरे.

३. थेट गुंतवणूक म्हणजे यंत्रं आणि इमारतींसाठी आलेला पैसा, एवढंच ना?

नाही. ती तीन भागांची बेरीज असते. पहिला भाग भागभांडवल: नवी कंपनी काढण्यासाठी किंवा चालू कंपनी विकत घेण्यासाठी आलेला पैसा. चालू कंपनी विकत घेतली तर एकही नवे यंत्र बसत नाही, फक्त मालक बदलतो. दुसरा भाग पुनर्गुंतवलेला नफा: इथल्या उपकंपनीने कमावलेला पण मूळ कंपनीला लाभांश म्हणून न पाठवलेला पैसा. यात सीमेपलीकडून काहीच येत नाही, पण नफा मालकाला मिळाला आणि त्याने तो परत गुंतवला असे मानून नोंद होते. तिसरा भाग मूळ कंपनी आणि उपकंपनी यांच्यातली कर्जे.

स्थैर्याच्या दृष्टीने हे तीन भाग सारखे नाहीत. भागभांडवल जड असते, सहज हलत नाही. नफा मागे ठेवायचा की नाही हे दरवर्षी नव्याने ठरते. आणि आपसातले कर्ज तर एका ईमेलवर परत जाऊ शकते.

४. थेट गुंतवणूक अधिक स्थिर का मानतात? मालकाची बांधिलकी जास्त म्हणून का?

बांधिलकीपेक्षा बाहेर पडायचा दरवाजा किती अरुंद आहे, हे कारण महत्त्वाचे. रोखेधारकाला बाहेर पडायला विक्रीचा आदेश आणि दोन-चार दिवसांची पूर्तता पुरते. कारखान्याच्या मालकाला आधी गिऱ्हाईक शोधावे लागते, हिशेबतपासणी होते, कामगारांची देणी, जमिनीचे करार, परवाने, कर यांचा निकाल लावावा लागतो. त्यात महिने, कधी वर्षे जातात. तोवर घबराट बहुधा ओसरलेली असते.

दुसरे कारण किमतीचे. संकटात कारखाना विकायला काढला तर मातीमोल भाव मिळतो, कारण विकत घेऊ शकणारे स्थानिक उद्योगही त्याच संकटात असतात. तोट्यात विकण्यापेक्षा थांबणे मालकाला परवडते. शिवाय निर्यात करणारा कारखाना असेल तर चलन पडल्यावर त्याची मजुरी डॉलरमध्ये स्वस्त होते. म्हणजे रोखेधारक पळतो त्याच क्षणी याला राहण्याचे नवे कारण मिळते.

तिसरे कारण परतफेडीच्या तारखेचे. भागभांडवलाला मुदत नसते. कंपनी बुडाली तर मालक बुडतो, देशावर देणे उरत नाही. रोख्याला मुदत असते आणि त्या दिवशी पैसे हजर करावेच लागतात. खरी संकटे बहुतेक वेळा या तारखांच्या आसपास पेटतात. पुढच्या उत्तरात ते दिसेल.

५. हे प्रत्यक्षात घडलेलं एखादं उदाहरण सांगाल का?

मेक्सिको, १९९४. दोन्ही प्रकारचा पैसा एकाच देशात, एकाच धक्क्याला कसा वागला हे इथे स्वच्छ दिसते.

१९९३ मध्ये मेक्सिकोत पंचवीस अब्ज डॉलरहून अधिक पोर्टफोलिओ गुंतवणूक आली होती. १ जानेवारी १९९४ ला उत्तर अमेरिकेचा मुक्त व्यापार करार लागू झाला आणि उत्साह आणखी वाढला. चालू खात्यावरची तूट, म्हणजे आयात, व्याज वगैरेंपोटी बाहेर गेलेली रक्कम निर्यात वगैरेंतून आलेल्या रकमेपेक्षा जितकी जास्त तितकी, मात्र त्या वर्षी राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे सात टक्के होती, आणि ती याच पैशावर भागत होती. पेसो डॉलरशी एका ठरलेल्या पट्ट्यात बांधलेला होता.

मग दोन धक्के आले. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने १९९४ मध्ये व्याजदर तीनवरून साडेपाच टक्क्यांवर नेला, आणि २३ मार्चला सत्ताधारी पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार लुईस दोनाल्दो कोलोसियो यांची हत्या झाली. परकीय गुंतवणूकदार पेसोतले सरकारी रोखे घ्यायला कचरू लागले. सरकारने तोडगा काढला: टेसोबोनोस नावाचे अल्पमुदतीचे रोखे, ज्यांची परतफेड पेसोत पण डॉलरच्या भावाने. चलन पडण्याची जोखीम गुंतवणूकदाराच्या डोक्यावरून उचलून सरकारने स्वतःच्या डोक्यावर घेतली. पैसा थांबला, पण वर्षाअखेरीस हे रोखे सुमारे २९ अब्ज डॉलरचे झाले. वर्षाच्या सुरुवातीला जवळपास तेवढाच असलेला परकीय चलनसाठा तोपर्यंत सहा अब्जांच्या आसपास उतरला होता.

या दोन आकड्यांतच संकट आहे. रोख्यांच्या तारखा पुढच्या काही महिन्यांत होत्या आणि तिजोरीत त्यांच्या पाव भागाएवढेही डॉलर नव्हते. हे गणित प्रत्येक रोखेधारकाला दिसत होते. आपण आधी निघालो तर पैसे मिळतील, मागे राहिलो तर नाही, असे सगळ्यांना एकदम वाटले की कोणाचीही नियत वाईट नसताना चेंगराचेंगरी होते. २० डिसेंबरला पट्टा रुंदावला, २२ ला पेसो मोकळा सोडावा लागला. डॉलरला साडेतीन पेसोंच्या आत असलेला भाव मार्च १९९५ पर्यंत सातच्या पुढे गेला. अमेरिका, नाणेनिधी वगैरेंनी मिळून सुमारे ५० अब्ज डॉलरचे साहाय्य जाहीर केले तेव्हा ही रोख्यांची देणी भागली. १९९५ मध्ये अर्थव्यवस्था सुमारे सहा टक्के आकसली.

त्या वर्षी पोर्टफोलिओचा ओघ उलटा वाहिला. थेट गुंतवणूक मात्र १९९४ मध्ये सुमारे ११ अब्ज डॉलर आली होती, ती १९९५ मध्ये सुमारे साडेनऊ अब्जांवर आली. घटली, पण चालू राहिली.

६. परदेशी फंडाने शेअर विकले की तेवढे डॉलर देशाबाहेर जातात, असं समजायचं का?

विकत कोण घेते त्यावर आहे. एका परदेशी फंडाने विकले आणि दुसऱ्या परदेशी फंडाने घेतले तर देशाच्या चलनसाठ्याला काहीच होत नाही. घेणारा स्थानिक असेल तर विकणाऱ्याला स्थानिक चलन मिळते आणि ते डॉलरमध्ये बदलायला तो चलनबाजारात जातो. दाब तिथे येतो.

शिवाय बाहेर जाणारी रक्कम आत आलेल्या रकमेएवढी नसते. समजा एका फंडाने १०० डॉलरचे शेअर घेतले. संकटात शेअरचा भाव ४० टक्के पडला आणि चलनाची डॉलरमधली किंमत ३० टक्के पडली. १०० चे ६० झाले, त्या ६० चे ४२ उरले. आता निघायचे तर फंड ४२ डॉलरच घेऊन जाऊ शकतो. उरलेल्या ५८ चा तोटा त्याने स्वतः सोसला. अनेकांना तो सोसवत नाही आणि ते थांबतात. घसरलेला भावच अशा वेळी दरवाजा थोडा अरुंद करतो.

७. म्हणजे शेअर आणि रोखे हे दोन्ही पोर्टफोलिओ असले तरी सारखे धोकादायक नाहीत?

अजिबात नाहीत. वरचेच १०० डॉलर डॉलरमधल्या रोख्यात असते तर देणे १०० डॉलरच राहिले असते. चलन ३० टक्के पडल्यावर ते स्थानिक चलनात पूर्वीच्या १०० ऐवजी जवळजवळ १४३ झाले असते. धक्क्याने शेअरचे ओझे हलके होते आणि डॉलरमधल्या कर्जाचे जड. स्थानिक चलनातले रोखे मधे बसतात: चलनघसरणीचा तोटा परदेशी धारक सोसतो, पण मुदत संपल्यावर त्याने नवा रोखा घेतला नाही तर सरकारला दुसरा घेणारा शोधावा लागतो.

आमच्या मते ‘थेट की पोर्टफोलिओ’ यापेक्षा ‘तोटा कोणाच्या अंगावर पडतो आणि परतफेडीची तारीख कधी’ हा प्रश्न अधिक उपयोगाचा आहे.

८. १९९७ च्या आशियाई संकटात परदेशी फंडांनी देश बुडवले, असं ऐकतो. खरं आहे का?

अर्धवट खरे. थायलंडसारख्या देशांत सर्वांत मोठा उलटा ओघ परदेशी बँकांच्या अल्पमुदतीच्या कर्जांचा होता, म्हणजे प्रश्न १ मधल्या ‘इतर गुंतवणुकी’चा. स्थानिक बँका आणि वित्तसंस्था डॉलरमध्ये कर्ज उचलून ते स्थावर मालमत्तेत घालत होत्या. २ जुलै १९९७ ला थायलंडचे चलन बाट मोकळे सोडले गेले तेव्हा डॉलरला सुमारे २५ भाव होता, जानेवारी १९९८ मध्ये तो ५० च्या पलीकडे गेला. परदेशी बँकांनी कर्जांची मुदत वाढवायला नकार देणे हे या घसरणीचे मोठे कारण होते.

९. त्याच थायलंडमध्ये १९९८ ला थेट गुंतवणूक वाढली. संकटात कोण गुंतवणूक करतं?

ज्याच्या खिशात डॉलर आहेत तो. चलन निम्म्यावर, मालमत्तेचे भाव पडलेले, स्थानिक मालक कर्जात. परदेशी खरेदीदारासाठी हा भंगाराच्या भावातला बाजार होता. थायलंडने बँकांमधल्या परकीय मालकीची मर्यादाही सैल केली आणि १९९८ मध्ये नेदरलँड्सच्या एबीएन आम्रोने बँक ऑफ एशियाचा बहुसंख्य हिस्सा घेतला. अर्थतज्ज्ञ पॉल क्रुगमन यांनी या प्रकाराला तेव्हाच आगीनंतरच्या विक्रीची उपमा दिली होती.

देशाला डॉलर हवे असताना ते मिळाले, हा फायदा खरा. पण वाढलेला आकडा पाहून ‘विश्वास परतला’ असे म्हणणे घाईचे. त्यातला बराचसा पैसा भागभांडवलाच्या खरेदीचा होता, नव्या कारखान्यांचा नव्हता.

१०. थेट गुंतवणूक मग पळूच शकत नाही का?

कारखाना पळत नाही, पण त्याचा मालक पैसा हलवू शकतो. आम्हाला सर्वांत कमी विचारला जाणारा आणि सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न हाच.

समजा मूळ कंपनीने उपकंपनीत १०० डॉलर घातले: ३० भागभांडवल म्हणून, ७० कर्ज म्हणून. चलन पडेल अशी शंका आली की उपकंपनी स्थानिक बँकेतून स्थानिक चलनात कर्ज काढते, त्याचे डॉलर घेते आणि मूळ कंपनीचे ७० मुदतीआधी फेडून टाकते. यंत्रे जागच्या जागी आहेत, उत्पादन चालू आहे, पण ७० डॉलर गेले. ही नोंद निदान थेट गुंतवणुकीतून बाहेर गेलेला पैसा म्हणून दिसते. दुसरी वाट अधिक अंधारी: कारखाना तारण ठेवून स्थानिक कर्ज काढायचे आणि त्याचे डॉलर परदेशी खात्यात ठेवायचे. हे ‘इतर गुंतवणुकी’त नोंदले जाते आणि थेट गुंतवणुकीचा आकडा स्थिरच दिसतो. तिसरी वाट म्हणजे सगळा नफा लाभांश म्हणून पाठवणे. चौथी, मूळ कंपनीकडून घेतलेल्या सुट्या भागांचे बिल फुगवणे. ती तर भांडवली खात्यात दिसतच नाही, आयातीत दिसते.

कुठलाही शहाणा वित्त व्यवस्थापक संकटाआधी यातले काहीतरी करतोच; त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण म्हणून प्रश्न ४ मधले स्थैर्य यंत्रांना जितके लागू आहे तितके पैशाला नाही.

११. एखाद्या देशाची थेट गुंतवणूक अचानक उणे दिसते. कारखाने बंद पडले का?

बहुधा नाही. २००५ मध्ये आयर्लंडचा आकडा मोठ्या प्रमाणात उणे गेला. अमेरिकेच्या २००४ च्या एका कायद्याने तिथल्या कंपन्यांना परदेशात साठवलेला नफा थोड्या काळासाठी ५.२५ टक्के इतक्या कमी करदराने मायदेशी आणण्याची मुभा दिली. आयर्लंडमधल्या उपकंपन्यांनी वर्षानुवर्षे साठवलेला नफा एकदम पाठवला. लाभांश त्या वर्षीच्या नफ्यापेक्षा जास्त झाला की पुनर्गुंतवणूक उणे होते, बस. कामगार दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे कामावर गेले.

उलट बाजूही आहे. नाणेनिधीच्या संशोधकांनी २०१९ मध्ये अंदाज मांडला की जगातल्या थेट गुंतवणुकीपैकी सुमारे ४० टक्के, जवळजवळ १५ ट्रिलियन डॉलर, कागदी कंपन्यांतून नुसते जाते. लक्झेंबर्ग आणि नेदरलँड्स ही त्यातली मोठी ठिकाणे. असा पैसा नियमाने ‘थेट’ असला तरी त्याला जखडून ठेवणारे काहीच नसते.

१२. पोर्टफोलिओचा पैसा इतका चंचल आहे तर त्यावर बंदीच का नाही?

त्याने स्थानिक शेअर आणि रोख्यांना गिऱ्हाईक मिळते, भांडवल स्वस्त होते. बंदीऐवजी फक्त घाईच्या पैशाला महाग करणे शक्य असते. चिलीने १९९१ पासून ते केले: बाहेरून येणाऱ्या कर्जाचा आणि नंतर इतर अनेक प्रकारच्या पैशाचा ठरावीक भाग वर्षभर बिनव्याजी मध्यवर्ती बँकेत ठेवायचा. हा भाग आधी २० टक्के होता, १९९२ मध्ये ३० झाला.

यातली खुबी हिशेब केल्यावर कळते. जगात व्याजदर ५ टक्के धरा. १०० डॉलर आणले तर ३० अडकले, म्हणजे दीड डॉलर व्याज बुडाले. वापरायला मिळालेल्या ७० वर हा खर्च साधारण २.१ टक्के. पैसा दहा वर्षे राहणार असेल तर वर्षाला ०.२ टक्के, नगण्य. एका महिन्यात परतणार असेल तर तो खर्च एका महिन्याचा, म्हणजे वर्षाच्या हिशेबाने २५ टक्क्यांच्या वर. कोण किती राहणार हे सरकारला विचारावे लागत नाही.

पण पळवाटही लगेच निघाली. थेट गुंतवणुकीला सूट होती, तेव्हा घाईचा पैसा थेट म्हणवून येऊ लागला आणि १९९६ मध्ये सट्टेबाजीचा संशय असलेल्या थेट गुंतवणुकीलाही ही अट लावावी लागली. पैसा ओसरू लागल्यावर १९९८ मध्ये ठेवीचे प्रमाण शून्यावर आणले. या अटीने येणाऱ्या पैशाची मुदत लांबली, एकूण पैसा फारसा कमी झाला नाही, असे अभ्यासकांचे साधारण मत आहे.

१३. एकूण परकीय पैशात थेट गुंतवणुकीचा वाटा मोठा, म्हणजे देश भक्कम, बरोबर?

चूक. रिकार्डो हाउसमान आणि एदुआर्दो फर्नांदेझ-आरियास या अर्थतज्ज्ञांनी २००० साली दाखवले की गरीब, जोखमीच्या देशांत हा वाटा उलट जास्त असतो. कारण साधे: ज्या देशाच्या रोख्यांवर आणि न्यायालयांवर कोणी विश्वास ठेवत नाही, तिथे दुसरा पैसा येतच नाही. खाण किंवा तेलविहीर असेल तर कंपनी स्वतः मालक होऊन येते, एवढेच. वाटा बघू नका, रक्कम बघा.

१४. बातमीत ‘विक्रमी थेट गुंतवणूक’ वाचली. आकडा तपासायचा कसा?

मध्यवर्ती बँकेचा व्यवहारतोलाचा तक्ता उघडा. आधी आकडा ढोबळ आहे की निव्वळ ते पाहा. बातमीत बहुधा ढोबळ असतो, म्हणजे परत गेलेला पैसा वजा न केलेला. मग प्रश्न ३ मधले तीन भाग वेगळे करा. आपसातली कर्जे झपाट्याने वाढत असतील तर तो पैसा थेट असूनही प्रश्न १० मधल्या वाटांनी परत जाऊ शकतो. नंतर पैसा कोणत्या देशातून आला ते पाहा. वर लहानशी करसवलतीची ठिकाणे असतील तर प्रश्न ११ आठवा.

शेवटी एका वर्षात देय असलेले सगळे परकीय कर्ज, मूळ मुदत काहीही असो, चलनसाठ्याशी ताडून पाहा. साठा त्याहून कमी असेल तर थेट गुंतवणूक विक्रमी असूनही देश मेक्सिकोच्या डिसेंबर १९९४ च्या जागी उभा असू शकतो.